लाकडी पट्ट्यांच्या सावल्यांची लय: गोव्यातल्या पश्चिम दर्शनी भिंतीचा रेंडर, पायरीपायरीने

गोव्यातल्या नव्या घरांच्या रेंडरमध्ये उभ्या लाकडी पट्ट्या, म्हणजे फिन्स, हमखास दिसतात. लाकडाचा पोत छान असतो, माड झुलत असतात, आकाश निळे असते. तरीही भिंतीवरच्या सावल्या पटत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असते: मॉडेल मोजून केलेले असते आणि सूर्य मात्र नजरेने लावलेला असतो. सावलीच्या रेघांची लय पट्टीची खोली, तिची जाडी, दोन पट्ट्यांमधले अंतर, पट्टी आणि भिंत यांच्यातली फट आणि सूर्याचा भिंतीशी होणारा कोन या पाच गोष्टींतून ठरते. हे पाच आकडे आधी कागदावर मांडले, तर रेंडर सुरू करण्यापूर्वीच भिंत कशी दिसेल ते कळते. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो आहे. सॉफ्टवेअर ब्लेंडर आणि त्यातले सायकल्स. पण हिशोब कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहे.

उदाहरणातले घर

साळगावच्या बाजूला, शेताच्या कडेचे एक दुमजली घर धरू. तळमजला उघड्या चिऱ्याचा, वरच्या मजल्यावर चुन्याचा पांढरा गिलावा. दर्शनी भिंत थेट पश्चिमेला आणि समोर मोकळे शेत. वरच्या मजल्यावर सात मीटर लांबीत सागवानी पट्ट्या उभ्या केल्या आहेत: प्रत्येक पट्टी ४० मिमी जाड, १५० मिमी खोल, २.७ मीटर उंच. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर २०० मिमी. भिंतीपासून पट्टीच्या मागच्या कडेपर्यंत १५० मिमी फट. ही फट हौसेची नाही. गोव्याच्या पावसात लाकूड भिंतीला चिकटून राहिले, तर ते मागून कुजते आणि गिलावाही फुगतो, म्हणून जाणता मेस्त फट सोडायलाच सांगेल. रेंडरमध्ये तिचे काम वेगळे आहे; ते पुढे येईल.

पहिली पायरी: महिना आणि वेळ निवडणे

पणजी साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपली घड्याळे ८२.५ अंशांच्या वेळेवर चालतात, त्यामुळे गोव्यात सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. २१ डिसेंबरला सूर्य माथ्यावरची रेघ ओलांडतो तो १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास. 'चार वाजताचे ऊन' म्हणून जे आपण डोळ्यांसमोर आणतो, ते सूर्याच्या हिशोबाने साडेतीनच्याही आधीचे ऊन असते.

महिन्याचा फरक त्याहून मोठा आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मे महिन्याचा रेंडर म्हणून दक्षिण भिंतीवर दुपारच्या कडक सावल्या दाखवल्या, तर चित्र कितीही सुंदर असले तरी ते चुकीचे. जून ते सप्टेंबरचे आकाश तर बहुतेक ढगाळ. तेव्हा रेखीव सावल्यांचा प्रश्नच फारसा येत नाही.

आता आपल्या पश्चिम भिंतीकडे येऊ. उभ्या पट्टीच्या सावलीची रुंदी ठरवतो तो सूर्याचा आडवा कोन, म्हणजे भिंतीला काटकोनात असलेल्या रेषेपासून सूर्य किती बाजूला आहे तो. सूर्याच्या उंचीचा त्या रुंदीशी संबंध नाही. २० मार्चला दुपारी साडेचारला हा कोन जेमतेम १० अंश असतो. सूर्य जवळपास समोरूनच येतो आणि १५० मिमी खोलीमुळे पट्टीची सावली फक्त २६ मिमी वाढते. म्हणजे काटकोनात लावलेल्या उभ्या पट्ट्या मार्चच्या त्या वेळी ऊन अडवतही नाहीत आणि रेघाही धड पाडत नाहीत. २१ जूनला चार वाजता सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून तेव्हा ऊन मिळालेच तर सावली उलट्या दिशेला पडते. २१ डिसेंबरला चार वाजता मात्र सूर्य पश्चिमेच्या ३६.६ अंश दक्षिणेला आणि क्षितिजापासून २६ अंश उंच असतो. आकाश स्वच्छ, ऊन तिरके. आपण हीच वेळ घेऊ.

दुसरी पायरी: कागदावरचा हिशोब

```
S = d × tan(θ) + t
L = p − S
x = g × tan(θ)
```

यात `d` पट्टीची खोली, `t` जाडी, `p` मध्य ते मध्य अंतर, `g` भिंतीपर्यंतची फट आणि `θ` सूर्याचा आडवा कोन. `S` ही भिंतीवरच्या सावलीची रुंदी, `L` ही मधल्या उजेडाच्या पट्टीची रुंदी आणि `x` म्हणजे सावली पट्टीपासून किती बाजूला सरकते ते. ३६.६ अंशांचा `tan` ०.७४ धरा. आपल्या आकड्यांत सावली १११ अधिक ४०, म्हणजे १५१ मिमी. उजेडाची पट्टी ४९ मिमी. फटीमुळे सावली १११ मिमी उत्तरेकडे सरकते. घरासमोर उभे राहून पाहिले तर डावीकडे.

तीन भाग काळोख आणि एक भाग उजेड, हे प्रमाण मला या भिंतीला शोभणारे वाटते. दर २०० मिमीवर एक बारीक तेजस्वी रेघ आणि तिच्याभोवती शांत सावली. पण वेळ थोडी हलवली तर काय होते तेही पाहून ठेवा, कारण ग्राहक किंवा वास्तुविशारद नंतर वेळ बदलायला सांगतोच. त्याच दिवशी तीन वाजता कोन ४६.५ अंश होतो, सावली १९८ मिमी रुंद होते आणि उजेडाची रेघ दोन मिमीची उरते. भिंत सबंध काळवंडते. पाच वाजता कोन ३०च्या किंचित खाली येतो, सावली १२५ मिमी आणि उजेड ७५ मिमी. म्हणजे या मापांच्या पट्ट्यांची लय दिसते ती चार वाजल्याच्या आसपासपासून सूर्य मावळेपर्यंत. दुपारच्या दोनचा रेंडर हवा असेल, तर पट्ट्यांची खोली कमी करा किंवा अंतर वाढवा; सूर्य ओढून आणू नका.

भिंतीच्या दिशेबद्दलही तितकेच दक्ष राहा. हीच भिंत २० अंश वायव्येकडे वळलेली असेल, तर कोन ५६.६ होतो आणि एकट्या खोलीचीच सावली २२७ मिमी भरते; पट्ट्यांमधले अंतर संपले, उजेड शून्य. उलट २० अंश नैऋत्येकडे वळली, तर तीच सावली ४५ मिमीवर येते. आराखड्यातली उत्तर दिशा आणि जागेवरची खरी उत्तर दिशा जुळते का, हे उपग्रह नकाशावर पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूर्याची उंची कामाला येते ती रेघांच्या टोकांशी. चार वाजता भिंतीपासून जितके बाहेर, त्याच्या ०.६१ पट सावली खाली उतरते. पट्टीची बाहेरची कड भिंतीपासून ३०० मिमीवर आहे, म्हणून तिची सावली १८३ मिमी खाली येते. आतल्या कडेची फक्त ९२ मिमी. म्हणून प्रत्येक रेघेचे टोक तिरके कापलेले दिसते आणि पट्ट्या जिथे संपतात तिथून खाली, चिऱ्याच्या भिंतीवर, सावल्यांची छोटी टोके उतरतात. वर ६०० मिमीचा सज्जा असेल, तर त्याची स्वतःची सावली ३७ सेमी खाली येते आणि पट्ट्यांच्या रेघा त्या आडव्या सावलीच्या खालीच सुरू होतात. या तिरक्या टोकांनी चित्राला खरेपणा येतो. पोत म्हणून चिकटवलेल्या सावलीत ती कधीच नसतात.

तिसरी पायरी: पट्ट्या उभ्या करणे

ब्लेंडरमध्ये +Y म्हणजे उत्तर धरून काम करा. मग पश्चिम भिंत Y दिशेने धावते आणि तिचे तोंड −X कडे असते. एकच पट्टी नीट घडवा: X मध्ये ०.१५, Y मध्ये ०.०४, Z मध्ये २.७ मीटर. कडांना दोन मिमीचा बेव्हल द्या. रंधा मारलेल्या लाकडाची कड कधीच सुरीसारखी नसते, आणि तिरक्या उन्हात याच दोन मिमीवर एक बारीक चमक धावते. स्केल `Ctrl+A` ने लागू करायला विसरू नका, नाहीतर बेव्हल एका दिशेला ताणला जातो. पट्टीला `Fin` नाव द्या आणि ही छोटी स्क्रिप्ट चालवा:

```python
import bpy, random
src = bpy.data.objects["Fin"]
for i in range(1, 36):
    f = src.copy()
    f.location.y += i * 0.2
    f.rotation_euler.z += random.uniform(-0.005, 0.005)
    bpy.context.collection.objects.link(f)
```

मूळ धरून ३६ पट्ट्या तयार होतात, सगळ्यांचा मेश एकच, त्यामुळे फाइल जड होत नाही. `Array` मॉडिफायरने हेच लवकर झाले असते. पण त्यात सगळ्या पट्ट्या मिळून एकच ऑब्जेक्ट राहतो. मग मटेरियलमधल्या `Object Info` नोडचा `Random` सर्वांना सारखाच आकडा देतो आणि छत्तीसही पट्ट्यांवर तीच गाठ, तोच रेषा-नमुना येतो. `Array` च वापरायचा असेल, तर `Geometry` नोडमधला `Random Per Island` घ्या. तो सायकल्समध्ये चालतो.

स्क्रिप्टमधले ते वळण म्हणजे अर्ध्या अंशाच्याही आतली चूक. पट्टीकडे पाहून ती कळत नाही, सावलीकडे पाहून मात्र जाणवते: ४९ मिमीची रेघ कुठे ४८ होते, कुठे ५०. याहून जास्त वळवू नका. चांगल्या सुताराच्या हातून पाच अंशांची चूक होत नाही, आणि बघणाऱ्याला ती सैल काम म्हणून खुपते.

पट्ट्या कशावर उभ्या आहेत तेही दाखवा. वर आणि खाली एक आडवी धातूची पट्टी, मध्ये आणखी एक आधार. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून तिथे चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील असते. हे आधार भिंतीवर आडव्या बारीक सावल्या टाकतात आणि उभ्या रेघांना मध्येच छेदतात. तरंगणाऱ्या, आधाराविना उभ्या पट्ट्यांचा रेंडर पाहणाऱ्याला का खोटा वाटतो हे त्याला सांगता येत नाही, पण वाटतो खरा.

चौथी पायरी: सूर्य लावणे आणि तपासणे

`Sun Position` हे अ‍ॅड-ऑन घ्या, ब्लेंडर ४.२ पासून ते एक्स्टेंशन म्हणून वेगळे बसवावे लागते. `Latitude` मध्ये 15.5, `Longitude` मध्ये 73.8, तारीख 21 डिसेंबर, वेळ 16. `UTC Zone` मध्ये 5.5 भरा. साडेपाच तासांचे 5.3 लिहिणे ही इथली नेहमीची चूक. त्याने सूर्य १२ मिनिटे पुढे जातो आणि हिशोब जुळत नाही. तिथे शून्य राहिले, तर दुपारचे चार म्हणून भरलेली वेळ रात्रीचे साडेनऊ ठरते आणि दृश्य काळेच येते.

तपासणी सोपी आहे. एक मीटर उंचीची काठी जमिनीवर उभी करा, वेळ 12.55, म्हणजे १२ वाजून ३३ मिनिटे, करा आणि वरून पाहा. सावली नेमकी उत्तरेला आणि सुमारे ८१ सेमी लांब पडली पाहिजे. लांबी बरोबर पण दिशा चुकली, तर `North Offset` किंवा मॉडेलची दिशा चुकलेली आहे. दोन्ही चुकले, तर तारीख-वेळ पुन्हा पाहा. ही काठी जुळल्याशिवाय रंग-पोताला हात लावू नका.

आता सावलीची कड. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो, म्हणून सन लाइटचा `Angle` 0.53° ठेवा. त्यामुळे सावलीची कड वस्तूच्या अंतराप्रमाणे आपोआप मऊ होते. आपल्या पट्टीच्या बाहेरच्या कडेने पडणारी सावली सुमारे पाच मिमी मऊ, आतल्या कडेची त्याच्या निम्मी. म्हणजे प्रत्येक उजेडाच्या रेघेची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक. आणि बारा मीटरवरच्या माडाच्या झावळीची सावली ११ सेमीने पसरते. ती या रेघांवर धूसर डागासारखीच यायला हवी. माड आणि पट्ट्या दोघांच्याही सावल्या सारख्याच धारदार दिसल्या, तर `Angle` शून्य राहिला आहे असे समजा. 'सॉफ्ट' दिसावे म्हणून कोणी तो पाच अंश करतो. तेव्हा कड ४५ मिमीने पसरते आणि ४९ मिमीची आपली रेघ राखाडी धुरात विरून जाते.

आकाशासाठी `Sky Texture` वापरत असाल आणि सन लाइटही असेल, तर आकाशातली `Sun Disc` बंद करा. नाहीतर दोन सूर्य होतात. दोघे एका दिशेला असले तर भिंत फक्त जास्त उजळते आणि चूक लपते. दिशा जराही वेगळी असली तर प्रत्येक सावलीशेजारी तिची फिकी जोड दिसते. एचडीआरआय वापरायची असेल, तर त्यातला सूर्य बऱ्याचदा दाबलेला असतो आणि सावल्या पांगळ्या येतात. मग तिला फक्त आकाशाचे काम द्या, तिच्यातला सूर्य पुसून घ्या आणि ऊन सन लाइटकडून घ्या.

पाचवी पायरी: कॅमेरा कुठून पाहतो

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण बरोबर पडलेली सावलीही चुकीच्या जागेवरून दिसत नाही. कॅमेरा सूर्याच्या बाजूला उभा राहून ऊन पडते त्याच दिशेने पाहत असेल, तर प्रत्येक सावली तिच्या पट्टीच्या मागे तंतोतंत लपते आणि भिंतीचा दिसणारा सगळा भाग उजळ असतो. म्हणून घराच्या नैऋत्य कोपऱ्याकडून घेतलेले दृश्य या वेळी सपाट दिसते.

आपल्या घरात १५० मिमी फटीमुळे उजेडाची रेघ पट्टीपासून सुटी होऊन दोन पट्ट्यांच्या मोकळ्या जागेत पडते: पट्टीच्या डाव्या कडेपासून २२ मिमीवर सुरू होते आणि ७१ मिमीवर संपते. समोरून पाहिले तर ती पूर्ण दिसते. कॅमेरा उजवीकडे, म्हणजे सूर्याच्या बाजूला, फक्त १० अंश सरकला तर तिची १८ मिमी उरते. डावीकडे १५ अंशांपर्यंत सरकला तरी ती अखंड राहते. २० अंशांवर मात्र शेजारची पट्टी तिला झाकू लागते. (पट्ट्या भिंतीला टेकलेल्या असत्या तर हेच उलटे झाले असते: तेव्हा उजवीकडून थोडे सरकलेले दृश्य चांगले, डावीकडचे वाईट.)

आता एक अडचण. कॅमेरा जवळ उभा असेल, तर भिंतीच्या एका टोकाला तो डावीकडून पाहतो आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडून. सात मीटरच्या पट्ट्या आठ मीटरवरून, मध्यभागी उभे राहून पाहिल्या तर कोन दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांपर्यंत जातो. दोन्ही टोकांच्या रेघा अर्ध्याहून जास्त झाकल्या जातात, काही पूर्ण लपतात, आणि लय मधल्या भागात तेवढी उरते. उपाय असा: कॅमेरा २५ मीटर मागे, पट्ट्यांच्या डाव्या टोकाच्या बरोबर समोर ठेवा. मग डाव्या टोकाला कोन शून्य आणि उजव्या टोकाला साडेपंधरा अंश. सगळी भिंत सुरक्षित पट्ट्यात आली. समोर शेत असल्याने इतके मागे जाणे खऱ्या माणसालाही शक्य आहे, म्हणून दृश्य कृत्रिम वाटत नाही. बारा मीटरची चौकट हवी तर ३६ मिमी सेन्सरवर ७५ मिमीची लेन्स लागते. कॅमेरा वळवू नका. तो भिंतीला समांतर ठेवा आणि `Shift X` 0.29 करा. चौकट उजवीकडे सरकते आणि भिंतीच्या आडव्या रेषा आडव्याच राहतात.

रंग देण्यापूर्वी सगळ्या वस्तूंना एकच राखाडी मटेरियल लावून छोटा रेंडर काढा. एका रेघेची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा आणि कागदावरच्या ४९ मिमीशी ताडून पाहा. ३००० पिक्सेल रुंद चित्रात बारा मीटर बसले, तर मीटरला २५० पिक्सेल आणि आपली रेघ जेमतेम १२ पिक्सेलची. हे पुरेसे आहे. तेच चित्र ८०० पिक्सेलवर काढले, तर रेघ तीन पिक्सेलची होते आणि रेघांमध्ये लाटांसारखा भलताच नमुना उठू लागतो. लहान चित्र हवे असले तरी रेंडर मोठाच काढा आणि नंतर लहान करा.

सहावी पायरी: लाकूड, चुना आणि सावलीचा रंग

सागवान उन्हा-पावसात करडे पडते. ऊन लाकडातले लिग्निन मोडते आणि पाऊस ते धुऊन नेतो. म्हणून तीन-चार पावसाळे पाहिलेल्या पट्टीचा सज्ज्याखाली झाकलेला वरचा भाग तपकिरी राहतो आणि खालचा उघडा भाग चंदेरी होत जातो. मटेरियलमध्ये दोन रंग घेऊन Z उंचीनुसार मिसळा, सीमारेषा नॉइजने थोडी मोडा आणि `Object Info` च्या `Random` ने प्रत्येक पट्टीची सीमा जराशी वरखाली करा. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. करड्या भागाची `Roughness` ०.८च्या आसपास, तेल दिलेल्या नव्या लाकडाची ०.४५ ते ०.५. घर नवेच दाखवायचे असेल, तर करडेपणा मुळीच नको.

चुन्याच्या भिंतीला शुद्ध पांढरा रंग देऊ नका. `Base Color` ची किंमत ०.८च्या वर गेली, की उजेडाच्या रेघा जळतात आणि सावलीतही प्रकाश फाजील उसळत राहतो. गिलाव्याला हलका बम्प द्या. डिसेंबरच्या तिरक्या उन्हात थापीच्या खुणा उजेडाच्या रेघेतच दिसतात, सावलीत नाही.

गोव्याची ओळख खरी दिसते ती सावलीच्या रंगात. पट्ट्यांमागच्या सावलीत वरून आकाशाचा निळा उजेड येतो आणि खालून लाल मातीचा, चिऱ्याच्या पायऱ्यांचा तांबूस. त्यामुळे एकाच रेघेत वर थंड आणि खाली ऊबदार छटा असते. हे हाताने रंगवायची गरज नाही. घरासमोरची जमीन लाल मातीच्या रंगाची, खरोखर पसरलेली आणि कॅमेऱ्याच्या मागेपर्यंत गेलेली असली की ते आपोआप होते. फक्त चौकटीत दिसेल एवढीच जमीन ठेवली, तर खालचा तांबूस उजेड हरवतो. `Light Paths` मध्ये `Diffuse` चार असतो; पट्ट्यांच्या अरुंद फटींसाठी तो सहा करा. सावलीची खोली किंचित उघडते.

उजेड आणि सावली यांचा फरक किती असावा? स्वच्छ आकाशाखाली माझ्या डोळ्याला दोन ते तीन स्टॉप पटतात. `Color Management` मध्ये `View Transform` तात्पुरता `False Color` करा आणि रेघ व सावली कुठल्या रंगांत पडतात ते पाहा. उजेडाची रेघ शेवटच्या, जळालेल्या पट्ट्यात गेली असेल तर एक्स्पोजर उतरवा. नंतर `AgX` वर परत या.

दक्षिणेच्या खिडकीवरचे आडवे लूव्हर

त्याच घराच्या दक्षिण बाजूला एक खिडकी असेल आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या असतील, तर हिशोब तोच, फक्त कोन उभा घ्यायचा. २१ डिसेंबरला चार वाजता दक्षिण भिंतीसाठी तो साडेएकोणचाळीस अंश येतो. ७५ मिमी खोल, २० मिमी जाड आणि १५० मिमी अंतरावरच्या सपाट पट्ट्या ८२ मिमी काळोख आणि ६८ मिमी उजेड देतात. पश्चिमेला उभी, दाट लय आणि दक्षिणेला आडवी, मोकळी लय. दोन्ही भिंती एका चित्रात येत असतील तर हा फरक ठेवाच.

शेवटचा रेंडर

बारीक रेघांचा शत्रू डीनॉइझर. कमी सॅम्पल्सवर तो सावलीची मऊ कड आणि गिलाव्याचा दाणा दोन्ही पुसून भिंत प्लॅस्टिकसारखी करतो. `Noise Threshold` 0.01 ठेवा, डीनॉइझरला `Albedo and Normal` द्या आणि `Prefilter` `Accurate` करा. मग पट्ट्यांचा एक छोटा भाग `Ctrl+B` ने निवडून डीनॉइझरविना काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आतल्या कडेची अडीच मिमी मऊपणाची कड या चित्रात पिक्सेलभरही नसते, म्हणून तिच्याकडे पाहू नका. बाहेरच्या कडेची पाच मिमी मऊ कड आणि थापीच्या खुणा टिकल्या आहेत का ते पाहा. त्या गेल्या असतील तर सॅम्पल्स वाढवा, डीनॉइझरची ताकद नाही.